ओला मका आणि प्रयोगशाळेची मर्यादा

१९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत काविळीची साथ आली. रुग्णांच्या पोटात पाणी साचत होते आणि गावातली कुत्रीही त्याच लक्षणांनी मरत होती. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. ही साथ विषाणूची नव्हती. अवकाळी पावसात भिजलेला मका नीट न वाळवता साठवला गेला होता, आणि त्यावरच्या अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृत पोखरणारे विष तयार केले होते. त्या मक्याच्या नमुन्यांत ते किलोमागे सहा ते पंधरा हजार मायक्रोग्रॅम निघाले. आज आपल्या कायद्यात तृणधान्यांसाठी मर्यादा आहे १५ मायक्रोग्रॅमची.

मर्यादा आहे, तर तपासणी कडक केली की झाले, असे कुणी म्हणेल. पण हे विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. मोजक्याच दाण्यांत ते एकवटते. हिशेब करून पाहा. किलोभर मक्यात साधारण तीन हजार दाणे असतात. त्यांतल्या एकाच दाण्यात तीस मायक्रोग्रॅम विष असले, तरी तो किलो मर्यादेच्या दुप्पट दूषित ठरतो. मूठभर नमुन्यात तो दाणा आलाच नाही, तर अहवाल स्वच्छ. म्हणूनच नमुना पोत्यांच्या अनेक जागांहून मिळून कित्येक किलोंचा घ्यावा लागतो, आणि तो सगळा दळून मगच त्यातला अंश तपासावा लागतो. एवढे सोपस्कार व्यापारी मालाला परवडतात. घरच्या कणगीतल्या मक्याला कोण करणार? शिजवल्यावर विष जाते, हाही भरवसा खोटा. उष्णतेने बुरशी मरते, पण तिने सोडलेले विष भाकरीच्या तव्यावरही बरेचसे टिकते. खराब दाणे गुरांपुढे टाकले, तर त्याचेच एक रूप दुधात उतरते.

म्हणून माझ्या मते खरी लढाई धान्य साठवण्याआधीच लढायला हवी. मक्यातला ओलावा तेरा टक्क्यांच्या आसपास आणला, तर ही बुरशी वाढू शकत नाही. ओलावामापक नसेल, तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून बाटली हलवावी व थोडा वेळ ठेवावी. मीठ काचेला चिकटले, तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे. पुन्हा ऊन द्यायला हवे. न चिकटले, तरी आणखी एक ऊन द्यावे, कारण ही चाचणी काठावरचा मका ओळखत नाही. मका ताडपत्रीवर वाळवावा, उघड्या मातीवर नको.

यावर एक आक्षेप मात्र रास्त आहे: दुष्काळाने आणि किडीने पोखरलेल्या कणसात बुरशी शेतातच शिरते, तिचे वाळवण काय करणार? वाळवण झालेले विष काढत नाही, ते फक्त वाढ थांबवते. अशी कणसे सोलण्याआधीच वेगळी काढून नष्ट करावी लागतात, कारण एकदा दाणे एकत्र झाले की त्यांतला विषारी दाणा नुसत्या डोळ्यांनी नेहमी ओळखू येत नाही.