‘करण्यात आले’, पण कोणी केले?

फौजेतल्या हुकमात कोण, काय, कुठे आणि कधी हे स्पष्ट लिहावं लागतं. निवृत्तीनंतर आमच्या शहरातल्या मराठी मंडळाचा चिटणीस झालो. पहिल्याच सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा सहचिटणिसांनी पाठवला. त्यातली एक नोंद ऐका:

‘सभागृहाच्या गळतीबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली. सदर छताची पाहणी करण्यात येऊन आवश्यक ती कार्यवाही करण्याचे ठरविण्यात आले.’

वाचायला भारदस्त. पण यात ‘करणे’ तीनदा आहे आणि कर्ता एकदाही नाही. छत पाहणार कोण?

मी पेन्सिलीनं प्रत्येक ‘करण्यात’खाली रेघ मारतो आणि त्याच्या आधीचा शब्द बघतो. खरं क्रियापद बहुतेक वेळा तिथेच दडलेलं असतं. ‘पाहणी करण्यात येऊन’ म्हणजे ‘पाहून’. ‘करणे’ हे क्रियापदच वाईट, असं नाही हं. ‘फोन करतो’, ‘दुरुस्त करतो’ हे सरळ मराठी आहे, त्याला हात लावायचा नाही. घोटाळा ‘करण्यात येणे’चा आहे, कारण ते कर्त्याला गिळतं. आणि ‘कार्यवाही’ फोडली तर आत काहीच सापडत नाही. पत्रे बदलायचे, की भेगा बुजवायच्या?

वाक्य सरळ केलं की कर्त्याच्या जागी रिकामी जागा उरते. ती अंदाजानं भरायची नाही. मी सभेला हजर असलेल्या तिघांना फोन केले. काम खजिनदारांनी घेतलं होतं, तारीखही बोलली गेली होती. खर्चाचा विषय मात्र निघालाच नव्हता. मग नोंद अशी झाली:

‘छत रंगमंचाच्या वर गळते. खजिनदार 10 जूनपर्यंत गवंड्याला घेऊन छत पाहतील आणि दोन ठेकेदारांचे दर आणतील. खर्चाची मर्यादा ठरली नाही.’

शेवटचं वाक्य काहींना खटकलं. पण न ठरलेलं ‘ठरले नाही’ असंच लिहायला हवं. हे सगळं मसुद्यातच उरकायचं. पुढच्या सभेनं इतिवृत्त कायम केल्यावर त्यातला शब्द परस्पर बदलता येत नाही.

10 जूनला खजिनदारांचा निरोप आला, ‘काम प्रगतिपथावर आहे.’ मी त्यांना म्हटलं, “साहेब, काय झालं आणि काय राहिलं, एवढंच लिहा.” दुसरा निरोप आला: ‘आज छत पाहिले. एका ठेकेदाराचा दर आला, दुसऱ्याचा नाही. त्याला 13 तारखेला पुन्हा फोन करतो. पाणी बहुधा तुंबलेल्या पन्हळीतून येते.’

सहचिटणीस त्यातला ‘बहुधा’ही खोडायला निघाले. मी थांबवलं. गवंड्यानं पन्हळ अजून उघडून पाहिलेली नाही, ही माहिती त्या एका शब्दात आहे. पन्हळ साफ झाल्यावर पाऊस पडेल, तेव्हा तो खोडू.