चॅनल म्हणजे दुकानात टांगलेला नमुना

आम्ही करवीर तालुक्यातल्या बचत गटाच्या पाच जणी. मोबाईलवर व्हिडिओ काढतो आणि त्याचे पैसे घेतो. मागच्या वेळी तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं, "चॅनलला माणसं जमल्याशिवाय पैसा कसा येणार?" आज त्यावरच बोलूया.

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायला एक हजार सबस्क्रायबर लागतात. शिवाय वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा तीन महिन्यांत छोट्या शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. गावातल्या गटाला हे लांबचं आहे. पण तुमचा व्हिडिओ दोनशेच माणसांनी पाहिला आणि त्यातल्या एकाला स्वतःच्या कामासाठी तसाच व्हिडिओ हवा असला, तर त्या एकाकडून मजुरी मिळते. शिंप्याच्या दुकानात दाराशी एक शिवलेला ब्लाउज टांगलेला असतो ना? तो विकायचा नसतो. "असा शिवून मिळेल" एवढं सांगायला तो असतो. आमचं चॅनल तसंच आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही, की जे काम मागायचं आहे, त्याचाच नमुना चॅनलवर हवा. आम्ही आधी पाककृती टाकायचो. बघणारे "छान" म्हणायचे, पण कुणी काम विचारत नव्हतं. पिठलं-भाकरीचा व्हिडिओ बघून कुणाला वाटणार, की या बाया आपल्या गुऱ्हाळाची जाहिरात करतील?

मग आम्ही ओळखीच्या एका गुऱ्हाळावर गेलो, फुकट, आमच्या नमुन्यासाठी. मालकाला आधीच विचारून घेतलं. हंगाम चालू होता. दोघी जणी पहाटेच गेलो, कारण काहिलीतून निघणारी वाफ कोवळ्या उन्हात चांगली दिसते. चरकात ऊस जाताना, रस काहिलीत पडताना, भेंडीचं पाणी घातल्यावर मळी वर येताना आणि ती झाऱ्यानं काढताना असं एकेक काढलं. पाक तयार झाला का हे गुळव्या पाण्यात थेंब टाकून बघतो, ते अगदी जवळून घेतलं. शेवटी वाफ्यात ओतलेला गूळ आणि भरलेले रवे. प्रत्येक गोष्ट आठ-दहा सेकंद, मोबाईल न हलवता. रस रटरटण्याचा आवाजही घेतला. त्यातून दोन मिनिटांचा व्हिडिओ झाला.

त्याच्या नावात आम्ही "गुऱ्हाळाची जाहिरात, दोन मिनिटं, कोल्हापूर" असं स्पष्ट लिहिलं. खाली पहिल्याच ओळीत लिहिलं, की असा व्हिडिओ तुमच्यासाठी करून मिळेल, आणि गटाचा फोन नंबर दिला. चॅनलवर "कामाचे नमुने" नावाची वेगळी प्लेलिस्ट करून तो व्हिडिओ तिथं ठेवला. पाककृती दुसऱ्या प्लेलिस्टमध्ये गेल्या. नवीन माणसाला चॅनल उघडल्यावर पहिल्यांदा नमुनेच दिसले पाहिजेत.

महिन्याभरात पन्हाळ्याकडच्या एका गुऱ्हाळवाल्यांचा फोन आला. ते गुळाची पाकिटं पुण्याला पाठवतात. सबस्क्रायबर किती, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "माझ्या गुऱ्हाळाचा, माझ्या नावाचा असाच पाहिजे. किती घेणार?"

इथं दुसरी गोष्ट येते, दराची. मनाला येईल तो आकडा सांगायचा नाही, हिशोब मांडायचा. शूटिंगला दोघी, एक दिवस. नंतर जोडकाम, म्हणजे एडिटिंग, एकीला दोन दिवस. झाल्या चार दिवसांच्या मजुऱ्या. आम्ही दिवसाला सातशे धरले, म्हणजे दोन हजार आठशे. एसटी आणि रिक्षा तीनशे. मोबाईल, माईक, नेटचा पॅक यांची झीज म्हणून चारशे. एकूण साडेतीन हजार. तुमच्या गावचा दर वेगळा असेल, पण जोडकामाचे दिवस हिशोबात धरायला विसरू नका. ते घरी बसून होतं, म्हणून फुकट समजलं जातं.

तारीख ठरली तेव्हा त्यांनी दीड हजार आगाऊ दिले. उरलेले दोन हजार व्हिडिओ पसंत पडल्यावर. पसंतीसाठी पाठवलेल्या व्हिडिओवर आडवं आमच्या गटाचं नाव टाकलं होतं. पूर्ण पैसे आल्यावर नाव काढलेली फाईल दिली. एकदा दुरुस्ती फुकट, त्यापुढं प्रत्येक वेळी दोनशे, हेही आधीच ठरलं होतं. हे सगळं व्हॉट्सॲपवर चार ओळींत लिहून त्यांच्याकडून "ठीक आहे" घेतलं. बोललेलं माणूस विसरतं, लिहिलेलं पुन्हा काढून दाखवता येतं.

तिसरी गोष्ट परवानगीची. पैसे घेऊन केलेलं काम आपल्या चॅनलवर नमुना म्हणून दाखवायचं, तर ते आधी विचारावं लागतं. गुऱ्हाळाची जाहिरात दाखवायला मालक सहसा हो म्हणतो, त्याचाही प्रचारच होतो. पण डोहाळे जेवण, बारसं, हळदी-कुंकू हे घरचे प्रसंग. त्यात बायका आहेत, लहान मुलं आहेत. एका डोहाळे जेवणाला सासूबाई हो म्हणाल्या, पण सुनेला चेहरा दाखवायचा नव्हता. मग आम्ही फक्त हिरव्या चुड्याचे हात, फुलांची वाडी, ओटी आणि ताटातले पदार्थ एवढ्यावर एक मिनिटाचा नमुना केला. पूर्ण व्हिडिओ फक्त त्या घरी दिला. त्या एका मिनिटावरच पुढची दोन कामं आली. ज्या बाईचा प्रसंग आहे, तिलाच विचारायचं, घरातल्या मोठ्यांना विचारून भागत नाही.

गाण्यांचंही तसंच. सिनेमाचं गाणं मागे लावलं तर यूट्यूब हक्काचा दावा दाखवतं. व्हिडिओ बंदही होऊ शकतो आणि आपल्याबरोबर गिऱ्हाईकाचंही नुकसान होतं. यूट्यूब स्टुडिओत Audio Library नावाचा भाग आहे, तिथलं संगीत वापरता येतं. त्याखाली नाव द्यायची अट लिहिली असेल तर ते नाव द्या. गुऱ्हाळाला तर आम्ही संगीत लावलंच नाही. रस रटरटत होता, तेवढं पुरलं.

काही कामं आम्ही अजून घेत नाही. पूर्ण लग्नाचं काम नाही. गुऱ्हाळात आज वाफ चांगली दिसली नाही तर उद्या पुन्हा जाता येतं, अक्षता पुन्हा पडत नाहीत. शिवाय रात्रीच्या मांडवात मोबाईलचं चित्र दाणेदार येतं. एका तासाचं शूटिंग सात-आठ जीबी जागा खातं, म्हणून कामाला जाण्याआधी जागा रिकामी करतो. मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवतो, नाहीतर ऐन क्षणी फोन वाजून शूटिंग थांबतं. संध्याकाळी घरी आल्यावर सगळं पेनड्राइव्हवर उतरवल्याशिवाय मोबाईलमधलं काही पुसत नाही.

आमच्याकडे एक वही आहे. फोन करणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "कोणता व्हिडिओ बघून फोन केलात?" आणि लिहून ठेवतो. बघणारे भरपूर आणि विचारणारं कुणी नाही, असं दिसलं, की समजायचं, व्हिडिओ चांगला असेल पण तो कशाचा नमुना आहे हे कळत नाही. मग नाव आणि पहिली ओळ बदलायची. ज्या नमुन्यावर फोन येतात, त्याच्यासारखा दुसरा करायचा.

पुढच्या बैठकीआधी तुमच्या गटानं एवढं करा. गावात कोण आपला माल बाहेर विकतं ते पाहा. पापड, काकवी, चपला, रोपवाटिका, काहीही असेल. त्यातलं एक निवडा, मालकाला विचारा आणि दोन मिनिटांचा एकच नमुना काढा. बैठकीला तो घेऊन या, आपण मिळून बघू आणि त्याचा दर मांडू. नमस्कार.