अर्जाचे गुण आणि हातचे काम



आज पुष्कळ ठिकाणी नोकरीचा अर्ज माणसाआधी संगणक वाचतो. जाहिरातीशी अर्ज किती जुळतो, याचे काही ठिकाणी तो गुणही देतो. असे शंभरांपैकी गुण अर्ज धाडण्यापूर्वी आपल्यालाही काढून पाहता येतात, आणि जाहिरातीतले कोणते शब्द अर्जात नाहीत, हेही कळते.

खामगावच्या एका जिनिंगमधला कामगार असा ४१ गुणांचा कागद घेऊन आमच्याकडे आला. जागा मेंटेनन्स फिटरची. अर्जात एकच ओळ होती : 'जिनिंगमध्ये अकरा वर्षे, सर्व प्रकारची कामे.' न सापडलेले शब्द होते प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, बेअरिंग बदलणे, अलाइनमेंट, पीएलसी आणि आयटीआय.

आम्ही विचारले, "पाळीवर गेल्यावर काय करतोस?"

"बेअरिंगवर हात ठेवून पाहतो, भाऊ. तापलं असलं तं ग्रीस देतो, आवाज करत असलं तं बदलून टाकतो."

प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणतात ते हेच. काम होते, नाव ठाऊक नव्हते. म्हणून 'सर्व प्रकारची कामे' खोडून आम्ही लिहिले : 'डबल रोलर जिनवर प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स : दर पाळीला बेअरिंगची तपासणी व ग्रीसिंग, खराब बेअरिंग बदलणे, रोलरला खाचा पाडणे, रोलर व स्थिर सुरी यांचा दाब जुळवणे.' शेवटची दोन कामे जाहिरातीत नव्हती, त्यांना गुणही नाहीत. पण अर्ज पुढे ज्या फोरमनच्या हाती जाईल, त्याला माणूस त्यांवरूनच कळतो.

अलाइनमेंटचे प्रकरण नाजूक होते. पट्ट्याच्या दोन पुल्या दोरी लावून तो एका रेषेत आणी. डायल गेज मात्र त्याने कधी हाती धरला नव्हता. नुसते 'अलाइनमेंट' लिहिले असते तर गुण तेवढेच वाढले असते, पण वाचणाऱ्याने गेजने शाफ्ट जुळवता येतो असे धरले असते. आम्ही 'पुलींचे अलाइनमेंट, दोरीने' असे लिहिले. पीएलसीशी त्याचा संबंध पॅनेलचे रीसेट बटण दाबण्यापुरता. तो शब्द घातला नाही. आयटीआय झालेले नव्हते, तोही नाही.

गुण ६७ झाले. मग आम्ही 'अकरा वर्षे' या शब्दांवर बोट ठेवले. त्याचे जिनिंग वर्षाला पाच महिने चाले. म्हणजे ५५ महिने. जाहिरातीला पाच वर्षे हवी होती. 'अकरा हंगाम, प्रत्येकी सुमारे पाच महिने' असे लिहिताच गुण ६३ वर आले.

"चार गुण गेले ना, भाऊ!" तो चिडलाच. त्याचा राग आम्हांस गैर वाटला नाही. हंगामी काम ही काही त्याची निवड नव्हती. पण भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात भरणा महिन्यागणिक दिसतो, आणि ते त्याला मागितले जाणारच होते.

६३ गुणांचाच अर्ज गेला. मुलाखतीत त्याच्यापुढे डायल गेज ठेवला. हा वापरलेला नाही, असे त्याने सांगितले आणि दोरी मागितली. जागा मिळाली ती सहायक फिटरची, जाहिरातीतल्याहून कमी पगारावर. त्या पगाराचे भांडण आमचे अजून चालू आहे.