बत्तीस नंबरची जीन्स

आज एक गोष्ट सांगतो. तिच्यातली माणसं मनातली आहेत, पण मोजमापं खरी आहेत.

बदलापूरच्या कात्रपमधल्या एका तरुणाने ड्रॉपशिपिंग सुरू केलं. या धंद्यात दुकानदाराकडे माल नसतो. तो फोटो दाखवून ऑर्डर घेतो, ती पुरवठादाराला कळवतो आणि पुरवठादार माल थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवतो. पुरवठादार होता उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला, जीन्स शिवणारा. बदलापूरहून उल्हासनगर लोकलने दुसरं स्टेशन. तरी हा तिथे कधी गेला नव्हता. फोटो मोबाइलवर येत होते, तेवढं त्याला पुरेसं वाटत होतं.

पहिली ऑर्डर आली अंबरनाथहून. बत्तीस नंबरची स्ट्रेच जीन्स, किंमत 850 रुपये. पुरवठादाराचे 550, कुरिअरचे 90. हातात राहणार 210. चौथ्या दिवशी फोन आला, "जीन्स मुलाला होत नाही. घरी येऊन बघून जा."

त्याने आधी पुरवठादाराला विचारलं. उत्तर मिळालं, "लेबल बत्तीसचं आहे ना? मग माल बरोबर आहे. परत घेणार नाही." तरुण कचरतच अंबरनाथला गेला.

दार उघडणाऱ्या काकूंनी उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात कित्येक वर्षं मशीन चालवली होती. त्यांनी जीन्स जमिनीवर सपाट पसरली आणि इंची टेप त्याच्या हातात दिला. "कमर मोज." भरली सोळा इंच, म्हणजे दुहेरी बत्तीस. त्याला हायसं वाटलं. "आता मांडी मोज. दोन्ही पाय जुळतात त्या शिवणीच्या एक इंच खाली." भरली अकरा.

"मुलाच्या अंगाला बसणाऱ्या पँटची बारा भरते," काकू म्हणाल्या. "कमरेला बटण लागतं, पण मांडीत पाय अडकतो. असं का झालं, सांग बरं?"

त्याला सांगता येईना. मग त्यांनीच समजावलं. जीन्स आधी शिवतात, मग धुलाईला टाकतात. धुलाईत कापड आटतं, म्हणून कापतानाच ते थोडं मोठं कापायचं असतं. साधं डेनिम आडवं जेमतेम आटतं. लायक्रा घातलेलं स्ट्रेच डेनिम आडवं बरंच जास्त आटतं. साध्या कापडाचा पॅटर्न स्ट्रेचच्या ताग्यावर ठेवून कापलं, की मांडी आणि सीट आवळतात. कमरेचा बेल्ट मात्र इथे कापडाच्या उभ्या बाजूने कापलेला, तो फारसा आटला नाही. "लेबल धुलाईच्या आधीच शिवलेलं असतं रे. त्याला काय ठाऊक, नंतर काय झालं!"

त्यांनी त्याचं बोट बेल्टवरून फिरवलं. बेल्टला बारीक लाट आली होती. खालचं कापड आटलं, वरचं आटलं नाही, म्हणून ती चुणी. टेप नसतानाही चूक ओळखायची ही खूण.

"पण काकू, माल माझ्या हातात आलाच नव्हता," तो म्हणाला.

"पैसे कुणाच्या हातात आले?"

कायदाही हेच विचारतो. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार माल सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्याने 850 रुपये परत केले. पुरवठादाराचे आणि कुरिअरचे मिळून 640 अंगावर आले. तीन जीन्स विकून 630 सुटले असते, तरी दहा कमीच पडले असते.

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन पाच नंबर कॅम्पात गेला. जुन्या पुरवठादाराला पिशवीतून टेप काढलेला आवडला नाही. तिसऱ्या कारखान्यातल्या मालकाने मात्र स्वतःच जीन्स पसरून दिली. आता तो प्रत्येक लॉटमधला एक नग विकत घेतो आणि कमर, सीट, मांडी, आतली लांबी, बॉटम ही पाच मापं इंचांत फोटोखाली लिहितो. गिऱ्हाइकाला नंबर विचारत नाही. अंगाला नीट बसणारी पँट सपाट पसरून मोजायला सांगतो. नवा लॉट आला की जुनी मापं पुसतो, कारण तागा बदलला की आटणंही बदलतं. एका नगावरून सगळा लॉट कळत नाही, म्हणून पॅक करण्याआधी मांडीवर टेप ठेवलेला फोटो मागवतो.

आणि ती परत आलेली जीन्स? तिच्याखाली त्याने लिहिलं: कमर बत्तीस, मांडी सपाट अकरा, बेल्टला हलकी लाट, किंमत 600. बारीक पायांच्या एका मुलाने ती घेतली. ती परत आली नाही.