आरीच्या ब्लाउजचा हिशेब

नांदगावशेजारचं येवला पैठणीसाठी प्रसिद्ध. पैठणी घेतली की तिला साजेसा आरीकामाचा ब्लाउज हवाच, आणि बुटीकचा कारागिराला पहिला प्रश्न असतो: किती घेणार?

पाठ आणि बाह्या पाहून अंदाजे आकडा सांगणारी कारागीर बहुधा तोट्यात जाते. त्याऐवजी एक बुट्टी घड्याळ लावून भरून पाहावी. समजा, तिला १२ मिनिटं लागली. ४० बुट्ट्यांचे झाले ८ तास. गळ्याची वेल २४ इंच आणि तासाला ४ इंच होत असेल, तर आणखी ६ तास. खाका उतरवणं आणि कापड चौकटीवर ताणणं, यांचे २ तास बहुतेक जणी विसरतात. एकूण १६ तास. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी ९६०, जर-मणी-धागा २४० रुपये, म्हणजे दर १,२००. बुटीकचा नफा आणि शिलाई वेगळी.

दोन गोष्टी जपाव्यात. आरीची साखळी एका सलग धाग्याची असते. शेवटची गाठ कच्ची राहिली तर अख्खी ओळ उसवते आणि दुरुस्ती फुकट करावी लागते. म्हणून कापड उलटं करून प्रत्येक टोक हलकेच ओढून पाहावं. शिलाईच्या रेषेवर मणी नकोत; मशीनची सुई मोडते. त्यासाठी शिंप्याकडून मापं आधीच कापडावर आखून घ्यावीत, कापड मात्र भरतकाम झाल्यावरच कापावं.

भगिनींनो, पुढची ऑर्डर घेताना दर सांगण्याआधी एक बुट्टी भरून वेळ मोजा.