सोयाबीनचा भाव पानावर येतो कुठून?

अनसिंगच्या बाजारातला सोयाबीनचा भाव राज्य कृषी पणन मंडळाच्या msamb.com या संकेतस्थळावर दिसतो. तो रोज आपोआप उतरवून घ्यायचा, तर आधी ब्राउझरचं काम समजून घ्यावं लागतं.

पत्ता टाकला की ब्राउझर डीएनएसला विचारून त्या नावाचा आयपी क्रमांक मिळवतो, सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करतो आणि पान मागतो. उत्तरात एचटीएमएल येतं, म्हणजे नुसता मजकूर. तो वाचून ब्राउझर स्मृतीत पानाची रचना उभी करतो आणि जावास्क्रिप्ट चालवतो. ही जावास्क्रिप्ट सर्व्हरकडे आणखी मागण्या करते आणि आलेली माहिती त्या रचनेत घालते. आपल्याला दिसतं ते हे शेवटचं रूप.

भावाच्या पानावर यादीतून सोयाबीन निवडा. वरचा पत्ता तोच राहतो, खाली तक्ता मात्र भरतो. आता Ctrl+U दाबून मूळ मजकुरात तक्त्यातला एखादा दर शोधा. सापडला नाही, तर तो मागाहून आला आहे. पायथॉनचं `requests` हाच मूळ मजकूर आणतं, जावास्क्रिप्ट चालवत नाही. म्हणून सर्व्हरचं उत्तर 200, म्हणजे सगळं ठीक, आणि हाती एकही ओळ नाही, असा प्रकार होतो.

इथे बहुतेक जण थेट सेलेनियम किंवा प्लेराइट घेतात. ही साधनं खरा ब्राउझर चालवतात, त्यामुळे काम होतं. पण ती जड आणि संथ असतात, आणि तक्ता भरायच्या आत वाचलात तर तो रिकामाच मिळतो. माझ्या मते आधी F12 दाबून Network मध्ये Fetch/XHR पाहावं. सोयाबीन निवडताच तिथे नवी मागणी उमटते. `requests` ने तीच मागणी केली, की ब्राउझर लागतच नाही. सर्व्हर कुकी किंवा बदलतं टोकन तपासत असेल आणि ते आपल्याला जुळवता येत नसेल, तरच ब्राउझर चालवावा. आणि हो, भाव रोजचा आहे; दिवसातून एकदा विचारणं पुरे.

तक्ता मिळाल्यावरही दोन ठिकाणी ठेच लागते. तारीख प्रत्येक ओळीत नसते; ती स्वतंत्र ओळीत येते आणि तिच्याखाली त्या दिवसाचे बाजार असतात. प्रोग्रॅमने ती तारीख पुढच्या ओळींसाठी लक्षात ठेवली नाही, तर कालचा भाव आजचा ठरतो. दुसरं, आपण ‘अनसिंग’ लिहितो. तिथली नोंद ‘वाशीम - अनसींग’ अशी, दीर्घ वेलांटीची. प्रोग्रॅमच्या लेखी ही दोन वेगळी गावं. आपल्या पद्धतीने नाव शोधलं तर शून्य ओळी मिळतील, आणि आपण बसू ब्राउझरला दोष देत.