‘च’ जोडा, ‘ही’ तपासा

(नांदेड येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय कळवला तेव्हा संयोजकांनी विचारलं, “दोन अक्षरांवर तासभर बोलणार?” मी म्हटलं, तास पुरला तर बरं. (हशा) १९६२चे लेखननियम, १९७२ साली त्यांत पडलेली भर, शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं हा धडा, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्यात मी शिरत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. ‘च’ आणि ‘ही’ या दोघांना आपण एकाच दावणीला बांधतो आणि तिथेच घोटाळा होतो. ‘च’ डोळे मिटून जोडावा. ‘ही’ जोडण्याआधी वाक्याचा अर्थ लावावा.

मी लातूरहून आलो, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी पाच लाख लिटर. त्या दिवसांवर कुणी निबंध लिहिला आणि त्यात वाक्य आलं, ‘पाणी ही लातूरची गरज आहे.’ इथे ‘ही’ सुटाच हवा. तो जोडून ‘पाणीही लातूरची गरज आहे’ असं छापलं, तर अर्थ होतो की रस्ते हवेत, रोजगार हवा आणि जमलं तर पाणीसुद्धा. वाक्य व्याकरणात बसतं, म्हणून कुणाला खटकतही नाही. लिहिणाऱ्याच्या मनातलं मात्र छापून येत नाही.

मग ओळखायचं कसं? पुढचं नाम बदलून पाहा. ‘पाणी हा लातूरचा प्रश्न आहे’, ‘पाणी हे लातूरचं दुखणं आहे’, ‘पाणी ही लातूरची गरज आहे’. ‘प्रश्न’ आला की ‘हा’, ‘दुखणं’ आलं की ‘हे’. पुढच्या नामाच्या लिंगाप्रमाणे जो ‘ही’ बदलतो ते सर्वनाम, ते वेगळं लिहायचं. आता दुसरा घ्या: ‘पाणीही लातूरचा प्रश्न आहे’, ‘पाणीही लातूरचं दुखणं आहे’. पुढे काहीही येवो, हा ‘ही’ हलत नाही. त्याच्या जागी ‘सुद्धा’ ठेवला तरी वाक्य तसंच उभं राहतं. हे अव्यय, ते जोडायचं.

ही परीक्षा एका ठिकाणी अपुरी पडते. ‘ती ही सभा नव्हे’ आणि ‘तीही सभा नव्हे’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. पहिल्यात तुम्ही चुकीच्या मांडवात आलात, दुसऱ्यात ती दुसरी सभासुद्धा सभा म्हणण्याजोगी नाही. (हशा) असं वाक्य मोठ्याने वाचावं. सुट्या ‘ही’च्या आधी आवाज किंचित थांबतो, जोडलेला ‘ही’ मागच्या शब्दासोबत एका दमात निघून जातो.

लग्नपत्रिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो. लातूरच्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासत असे. एका घरची पत्रिका आली. मजकूर होता, ‘आपली उपस्थिती ही आमच्यासाठी मोठी भेट आहे.’ भेटवस्तू आणू नका, हे सभ्य भाषेत सांगायचं होतं. जुळवणीला बसलेला पोरगा हुशार. त्याला कुणीतरी शिकवलं होतं की ‘ही’ नेहमी जोडायचा. त्याने जोडला. ‘आपली उपस्थितीही आमच्यासाठी मोठी भेट आहे.’ (मोठा हशा) म्हणजे आहेर तर आणाच, शिवाय स्वतःही या! मुद्रित मुलीच्या वडिलांनी पाहिलं, मामांनी पाहिलं, कुणालाच काही दिसलं नाही. मी सांगितल्यावर मामा म्हणाले, “काना-मात्रा तर बरोबर हाय की, गुरुजी.” बरोबरच होती. वडिलांनी मात्र ओळ पुन्हा एकदा वाचली आणि कपाळाला हात लावला. चारशे पत्रिका छापायच्या होत्या, गुरुवारी वाटायला निघणार होत्या. मग त्या पोराला शेजारी बसवलं आणि ‘भेट’च्या जागी ‘आहेर’ घालून वाक्य त्याच्याकडूनच म्हणवून घेतलं: ‘आपली उपस्थिती हा आमच्यासाठी मोठा आहेर आहे.’ ‘ही’चा ‘हा’ झालेला त्याने कानाने ऐकला आणि आपल्या हाताने जोड सोडवली. पुढे त्याच्या हातून तशी चूक मी पाहिली नाही. म्हणून मी सांगतो, ‘ही’ नेहमी जोडा असं पोरांना शिकवू नका. त्यापेक्षा ही परीक्षा शिकवा. (घंटा)

ही पहिली घंटा ना? मग ‘च’कडे वळतो.

‘च’चं काम सोपं आहे. तो एकटा उभा राहत नाही. ‘कोण आलं?’ याला ‘मीच’ असं उत्तर येतं, नुसतं ‘च’ येत नाही. विभक्तीनंतर तो बसतो आणि बसेल त्या शब्दावर जोर देतो. ‘रेल्वेनेच पाणी आलं’ म्हणजे टँकरने नाही; ‘रेल्वेने पाणीच आलं’ म्हणजे धान्य, चारा नाही. ‘रेल्वेने च’ असं तोडलं तर अर्थ बिघडत नाही, फक्त लेखन चुकतं. म्हणून संगणकावर ‘च’ला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा देऊन शोधा, जो सापडेल तो मागच्या शब्दाला जोडा. अपवाद दोनच, उद्धृत केलेलं संस्कृत आणि अक्षराचं नाव म्हणून आलेला ‘च’. ‘ही’ असाच शोधा, पण प्रत्येक ठिकाणी थांबा. आणि चुकून जोडलेला ‘ही’ या शोधात सापडत नाही, तो वाचूनच धरावा लागतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: हिंदीत तर सुटं लिहितात, मग मराठीत का नको?)

प्रश्न रास्त आहे. थट्टा करू नका त्यांची. हिंदीची रीत हिंदीला शोभते. तिथे ‘मैं ही जाऊँगा’ म्हणजे आपलं ‘मीच जाईन’. आपलं ‘मीही जाईन’ म्हणजे त्यांचं ‘मैं भी’. तेव्हा त्या ‘ही’कडे पाहून आपला ‘ही’ तोडायचं कारण उरत नाही. उलट नांदेडच्या गल्लीत दखनी ऐका: ‘मैंच जाता’, ‘अब्बीच आया’. आपला ‘च’ त्या बोलीने घेतला, तो चिकटलेलाच घेतला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या दोन भाषांनी केलेला हा व्यवहार आहे. (टाळ्या) जुन्या पोथ्यांत ‘चि’ येतो, त्याचं प्राकृतातलं मूळ... (दुसरी घंटा) ते राहू द्या. पोथ्यांत शब्दांमध्ये जागाच सोडत नसत; सुटं की जोडून हा प्रश्न आपल्याकडे छापखान्याबरोबर आला. आणि आता मोबाइल तो वाढवतो आहे. सुचवलेला शब्द निवडला की त्याच्यापुढे जागा आपोआप पडते आणि ‘च’ लांब जाऊन बसतो.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय उतरणार नाही, अध्यक्षमहाराज, दोन मिनिटं द्या. ‘च’ आणि ‘ही’ लागताना शब्दाचं सामान्यरूप होत नाही. ‘फूल’चं ‘फुलात’ होतं, पण ‘फूलच’, ‘फूलही’. ‘वीज’चं ‘विजेने’, पण ‘वीजही गेली’. ‘मूल’चं ‘मुलाला’, पण ‘मूलच ते’. इथे पहिलं अक्षर ऱ्हस्व करून ‘फुलही’, ‘विजही’, ‘मुलच’ असं सर्रास लिहिलं जातं. जोडलं बरोबर, पण मूळ शब्द बिघडवला.

सभागृहात शिक्षक आहेत, बातमीदार आहेत, मंडळांचे फलक लिहिणारे आहेत. तुमच्याकडे एकच मागणं आहे. मजकूर छापायला देण्यापूर्वी त्यातल्या प्रत्येक ‘ही’ला, सुटा असो की जोडलेला, पेन्सिलीने गोल करा, त्याच्या पुढचं नाम बदलून ओळ मोठ्याने वाचा आणि मगच सही करा.